मागे झुकलं की कंबरेत कळ: फॅसेट सांध्याच्या दुखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तरायणात, १४ आणि १५ जानेवारीला, अख्खं बडोदं पतंग उडवायला गच्चीवर असतं. त्यानंतरच्या आठवड्यात आमच्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची तक्रार एकच असते: "खाली वाकता येतं, पण वर बघायला मागे झुकलो की कंबरेत चमक निघते." दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर या भागांतून आलेल्या अशा मंडळींनी विचारलेले प्रश्न इथे घेतले आहेत. पतंग उडवला नसेल आणि छताला रंग देताना, माळ्यावरचं सामान काढताना किंवा जिन्याने उतरताना हेच होत असेल, तरी उत्तरं तीच लागू पडतात.

पुढे वाकताना काही होत नाही, मागे झुकलं की एका बाजूला टोचतं. नेमकं काय दुखतंय?

कंबरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मधे पुढच्या बाजूला गादी असते, हे सगळ्यांना माहीत असतं. मागच्या बाजूला, मधल्या हाडाच्या डावीकडे आणि उजवीकडे, प्रत्येक जोडीत दोन छोटे सांधेही असतात, त्याबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही. हेच फॅसेट सांधे. गुडघ्यासारखेच ते खरे सांधे आहेत. आत गुळगुळीत कूर्चा, थोडं वंगणाचं पाणी आणि बाहेरून घट्ट पिशवीसारखं आवरण. या आवरणात वेदना जाणवणाऱ्या नसा भरपूर असतात.

वरच्या मणक्याचा सांध्यातला भाग खालच्या मणक्याच्या भागावर छपरावरच्या कौलासारखा बसलेला असतो. पुढे वाकलं की ही कौलं एकमेकांपासून सरकतात आणि सांधा मोकळा होतो. मागे झुकलं की ती एकमेकांवर घट्ट बसतात आणि आवरण चिमटल्यासारखं होतं. मागे झुकून त्याच बाजूला वळलं किंवा कललं तर त्या बाजूच्या सांध्यावर सगळ्यात जास्त दाब येतो. म्हणून उजवा सांधा चिडलेला असेल तर उजव्या खांद्यावरून मागे बघताना कळ येते, डावीकडून बघताना तेवढी येत नाही.

हे गादीचं दुखणं नाही, हे घरी कसं ओळखायचं?

पक्कं निदान घरी होत नाही, पण दिशा कळते आणि तेवढ्याचाही खूप उपयोग होतो. गादीमुळे दुखत असेल तर बहुतेक वेळा बसल्यावर, पुढे वाकून मोजे घालताना, खोकताना, शिंकताना त्रास वाढतो आणि उभं राहून चार पावलं चाललं की बरं वाटतं. फॅसेटच्या दुखण्यात बहुतेकदा याच्या उलट असतं. खुर्चीत जरा पुढे झुकून बसलं की आराम पडतो. एका जागी उभं राहणं, उतारावरून चालणं, पोटावर झोपणं आणि वरच्या फळीवरचा डबा काढणं नकोसं होतं. दुखणारी जागा मणक्यांच्या मधल्या रेषेपासून एक-दोन बोटं बाजूला असते आणि रुग्ण ती तळहाताने दाखवतो. सकाळी उठल्यावर कंबर आखडलेली असते आणि अर्धा-पाऊण तास हिंडलं की मोकळी होते.

दोन्ही दिशांना दुखणारेही पुष्कळ असतात. गादी झिजून पातळ झाली की मागच्या सांध्यांवरचा भार वाढतो, म्हणून पन्नाशीनंतर दोन्ही दुखणी एकत्र नांदू शकतात. अशा वेळी स्वतःवर शिक्का मारत बसू नका. कोणत्या हालचालीनंतर बरं वाटतं ते बघा, पुढचा सगळा मार्ग त्यावरूनच ठरतो.

मी काही जड उचललं नव्हतं, नुसता पतंग उडवला. मग असं का झालं?

वजन हे एकच कारण नसतं. किती वेळ आणि कोणत्या कोनात उभे होतात, हेही तितकंच मोजलं जातं. पेच लागला की नजर आकाशात, दोन्ही हात वर आणि पाय एका जागी. हात डोक्यावर नेले की पाठीच्या रुंद स्नायूंचा ताण कंबरेवर येतो आणि कंबरेचा बाक वाढतो. मान आणि वरची पाठ लवचीक असेल तर वर बघण्याचं काम त्या दोघी करतात. पन्नाशीच्या माणसाची वरची पाठ मात्र वर्षानुवर्षं खुर्चीत बसून कडक झालेली असते, मानही पूर्वीइतकी मागे जात नाही, आणि मग उरलेला सगळा कोन कंबरेचे शेवटचे दोन मणके भरून काढतात. त्यात पतंग एका बाजूला गेला की माणूस मागे झुकलेल्या अवस्थेतच त्या बाजूला वळून उभा राहतो.

पाच-दहा मिनिटं असं केलं तर सांधा सहन करतो. सकाळी उंधियूच्या आधी गच्चीवर चढून थेट संध्याकाळी खाली उतरलं, आणि असे दोन दिवस काढले, तर आवरण चिडतं आणि सांध्याला किंचित सूज येते. आजूबाजूचे स्नायू त्याला जपण्यासाठी आखडतात. उत्साहात त्या दिवशी काही जाणवत नाही, दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी वर येतं.

दुखणं कुल्ल्यात आणि मांडीच्या मागे उतरतं. हे सायटिका तर नाही?

फॅसेट सांध्याची वेदना कुल्ल्यात, कंबरेच्या कडेला आणि मांडीच्या मागच्या भागात पसरू शकते. मूनी आणि रॉबर्टसन या डॉक्टरांनी १९७६ साली फॅसेट सांध्यात खारं पाणी टोचून दाखवलं, की नस कुठेही दबलेली नसताना पायापर्यंत वेदना जाणवू शकते. ही वेदना खोल आणि बोथट असते. नेमकी कुठे संपते, ते सांगता येत नाही, आणि सहसा ती गुडघ्याच्या वर थांबते.

नस दबलेली असेल तर चित्र वेगळं दिसतं. वीज चमकल्यासारखी कळ एका रेषेत पोटरीपर्यंत किंवा पावलापर्यंत जाते. मुंग्या येतात, बधिरपणा येतो, कधी अंगठा वर उचलायला जोर राहत नाही. असं असेल तर खालचे व्यायाम सुरू करण्याआधी तपासून घ्या. आणखी एक प्रकार साठीनंतर दिसतो. थोडं चाललं की दोन्ही पाय भरून येतात आणि बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळे होतात. हे नसांची वाट अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. यातही मागे झुकणं नको वाटतं, म्हणून गल्लत होते. पण इथे मुख्य तक्रार पायांची असते, आणि फॅसेटमध्ये कंबरेची.

कोणत्या लक्षणांत घरी थांबायचं नाही?

लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा. यात तासांनाही महत्त्व असतं.

त्याखेरीज ताप, कारण नसताना घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, बरेच दिवस चाललेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा ठिसूळ हाडं, आणि कुशी बदलूनही रात्री न थांबणारं दुखणं, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. पंचेचाळिशीच्या आतल्या माणसाला महिनोन्‌महिने पहाटे दुखून जाग येत असेल, सकाळचा ताठरपणा तासाभरापेक्षा जास्त टिकत असेल आणि विश्रांतीने उलट वाढत असेल, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा.

शेजारच्यांना भुजंगासनाने बरं वाटलं. मी केलं तर दुखणं वाढलं. माझं काही चुकतंय का?

करण्याची पद्धत बरोबर असेल, पण तो व्यायाम तुमच्यासाठी नाही. भुजंगासनात कंबर मागे वळते. गादीच्या ज्या दुखण्यात मागे वळल्याने आराम पडतो, तिथे ते औषधासारखं लागू पडतं. चिडलेल्या फॅसेटला मात्र तीच हालचाल पुन्हा पुन्हा चिमटा काढते. आमच्या वाड्यांमध्ये व्यायामाचे कागद या घरातून त्या घरात फिरतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. "कंबरदुखीचे व्यायाम" असा एकच संच असूच शकत नाही, कारण कंबर कोणत्या दिशेला दुखते त्यावर सगळं ठरतं. सध्या भुजंगासन, धनुरासन, सेतुबंधासनात कंबर उंच ताणणं आणि सूर्यनमस्कारातलं हात वर करून मागे झुकणं थांबवा. कायमचं नाही, त्याबद्दल पुढे येतंच.

मग कोणत्या हालचालींनी हे शांत होतं?

आधी एक मोजमाप ठरवून घ्या. उभे राहा, हात कंबरेवर ठेवा आणि हळूच मागे झुका. जिथे पहिली कळ येते तिथे थांबा आणि ती जागा लक्षात ठेवा. व्यायाम झाल्यावर पाच मिनिटांनी पुन्हा तेवढंच झुकून बघा. आता थोडं जास्त झुकता आलं किंवा कळ बोथट झाली तर ती हालचाल तुमच्या उपयोगाची आहे. कळ पायात खाली उतरली किंवा उठल्यावर अर्धा तास दुखणं वाढलेलं राहिलं, तर ती सोडून द्या. ही चाचणी दिवसातून एक-दोनदाच करा. सारखं झुकून बघत राहिल्यानेच सांधा चिडलेला राहतो.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात उपयोगी म्हणजे पाय खुर्चीवर ठेवून पडणं. जमिनीवर सतरंजी घाला, पाठीवर झोपा आणि दोन्ही पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर टेकवा. गुडघे आणि मांड्या काटकोनात आल्या पाहिजेत. यात मांडीच्या पुढच्या बाजूने कंबरेच्या मणक्यांना जोडलेला मोठा स्नायू सैल पडतो आणि कंबर आपोआप जमिनीला टेकते. सात ते दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. नाकाने श्वास घ्या आणि सोडताना जरा लांबवा. काहींना एवढ्यानेच पहिल्या दिवशी निम्मा फरक पडतो.

याच स्थितीत कटी दाबण्याचा व्यायाम करता येतो. बेंबी आत घ्या, माकडहाड किंचित वर उचलल्यासारखं करा आणि कंबरेची पोकळी जमिनीवर दाबा. पाच सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा. जोर लावायचा नाही, कुल्ले जमिनीवरून उठू द्यायचे नाहीत. दिसायला हालचाल अगदी छोटी आहे, पण कंबरेचा बाक स्वतःच्या इच्छेने कमी करता येणं हे या दुखण्यातलं मुख्य कौशल्य आहे. पुढे उभं असतानाही हेच वापरायचं आहे.

त्यानंतर गुडघा छातीशी. आधी दुखऱ्या बाजूचा एकच गुडघा दोन्ही हातांनी मांडीच्या मागून धरून छातीकडे आणा, पाच ते दहा सेकंद ठेवा, खाली सोडा. दहा वेळा. दुसऱ्या दिवशी त्रास नसेल तर दोन्ही गुडघे एकदम. पाय खाली सोडताना दोन्ही एकत्र सरळ करू नका. त्या क्षणी कंबर कमानीसारखी उचलली जाते आणि मिळवलेला आराम जातो. एकेक पाय, गुडघा वाकलेला ठेवून खाली आणा.

कचेरीत किंवा दुकानात झोपायला जागा नसते. तिथे खुर्चीत पाय फाकून बसा, हनुवटी छातीकडे घ्या आणि हात दोन्ही पायांच्या मधून जमिनीकडे सोडा. पाच सेकंद थांबा आणि वर येताना हातांनी गुडघ्यांवर जोर देऊन या, पाठीच्या जोरावर उचलू नका. पाच-सहा वेळा पुरे. एका जागी उभं राहून कंबर भरून आली की लगेच हे करावं, दुखणं वाढायची वाट बघू नये.

एकाच बाजूला दुखणाऱ्यांसाठी आणखी एक हालचाल मला फार आवडते. उजवीकडे दुखत असेल तर डाव्या कुशीवर झोपा, डाव्या कमरेखाली, बरगड्या आणि कटीच्या मधल्या खोलगट जागेत, गुंडाळलेला टॉवेल किंवा पातळ उशी ठेवा. गुडघे पोटाकडे थोडे वाकवा. आता वरची म्हणजे उजवी बाजू उघडते आणि उजवा सांधा मोकळा होतो. पाच मिनिटं नुसतं पडून राहा. हात उशीवर सैल ठेवा. डावीकडे दुखत असेल तर उलट.

सांध्याला सूज असताना लांब ताणण्यापेक्षा थोडं थोडं पण वारंवार करणं जास्त मानवतं. तासभर एकदा व्यायाम करण्यापेक्षा दर दोन-तीन तासांनी पाच मिनिटं काढा.

एखाद्याचं उदाहरण सांगाल का? किती दिवसांत काय होतं ते कळेल.

दांडिया बाजारातले सत्तावन्न वर्षांचे एक काका. बँकेत काम, रोज सकाळी कमाटीबागेत फेरी. उत्तरायणचे दोन्ही दिवस ते गच्चीवर होते. पाण्याच्या टाकीमुळे जागा अशी होती, की बहुतेक वेळ त्यांना उजवीकडे वळूनच उभं राहावं लागलं. सतरा तारखेला सकाळी उजव्या कंबरेत कळ आली. गादी सरकली असं समजून त्यांनी चार दिवस भुजंगासन केलं आणि पाचव्या दिवशी जिना उतरणंही अवघड झालं.

तपासताना पुढे वाकून हात नडगीच्या मध्यापर्यंत गेले आणि बरं वाटलं. सरळ मागे झुकताना कळ आली, उजवीकडे मागे झुकताना सगळ्यात जास्त. पाठीवर झोपवून पाय सरळ वर उचलला तर मांडीमागे ताण आला, पण पायात कळ उतरली नाही. अंगठ्याची ताकद, गुडघ्याचा ठोका, स्पर्श सगळं नीट. मधल्या रेषेच्या उजवीकडे दाबल्यावर "हेच ते" म्हणाले. शिवाय मांडीचा पुढचा स्नायू इतका आखडलेला होता, की पलंगाच्या कडेला झोपवल्यावर लोंबता पाय खाली येतच नव्हता.

पहिले चार दिवस भुजंगासन बंद, पाय खुर्चीवर, कटी दाबणं, गुडघा छातीशी आणि कुशीवर टॉवेल. सकाळची फेरी चालू, पण दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून, मधे बाकावर बसून. पाचव्या दिवशी जिना नीट उतरता आला. दुसऱ्या आठवड्यात मांडीचा पुढचा स्नायू मोकळा करायला घेतला. एक गुडघा उशीवर टेकायचा, दुसरा पाय पुढे, आणि टेकलेल्या बाजूचा कुल्ला घट्ट आवळून शरीर जरासंच पुढे न्यायचं. इथे सगळेच एक चूक करतात, छाती वर काढून कंबर मागे वाकवतात. ताण मांडीत यायला हवा, कंबरेत आला तर चुकलं. सोबत पोटाचा एक व्यायाम दिला: पाठीवर झोपून कंबर जमिनीला टेकलेली ठेवायची आणि एकेक टाच हळू सरकवत पाय लांब करायचा. कंबर उचलली जाते तिथे थांबायचं.

दहाव्या दिवसापर्यंत सकाळचा ताठरपणा गेला. तिसऱ्या आठवड्यात मागे झुकणं पुन्हा सुरू केलं, ते कसं ते पुढच्या उत्तरात आहे. चौथ्या आठवड्याच्या शेवटी ते पंख्याकडे मान वर करून बघू शकत होते. उजवीकडे अगदी टोकाला किंचित ओढ राहिली, ती आणखी काही आठवड्यांनी गेली. सगळ्यांचं असंच होईल असं नाही. पण अशा ताज्या दुखण्यात दोन-तीन आठवड्यांत उतार दिसायला हवा. सहा आठवड्यांनी काहीच फरक नसेल तर निदान नव्याने तपासावं.

सूर्यनमस्कार आणि दंड कायमचे सोडायचे का?

मुळीच नाही. लहानपणापासून व्यायामशाळेत जाणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे शिक्षाच आहे, आणि त्याची गरजही नसते. मागे झुकणं वर्षभर टाळलं तर सांधा आणखी कडक होतो आणि पुढच्या वेळी थोड्याशा ताणानेही चिडतो. सकाळचा ताठरपणा गेला आणि रोजच्या कामात कळ येईनाशी झाली, की परत सुरुवात करायची.

आधी पोटाखाली उशी घेऊन पालथं पडा, दोन-तीन मिनिटं. त्रास नसेल तर दोन दिवसांनी उशी काढा. मग कोपरांवर टेकून छाती जराशी वर, तीस सेकंद. हे जमलं की उभं राहून मागे झुका, पण कुल्ले आवळून आणि पोट आत घेऊन, छातीचं हाड आकाशाकडे उचलत. असं केलं की बाक वरच्या पाठीत पसरतो आणि शेवटच्या दोन मणक्यांवरच पडत नाही. वरची पाठ मोकळी करायला गुंडाळलेला टॉवेल खांद्याच्या पात्यांखाली आडवा ठेवून, गुडघे वाकवून पडून राहणं चांगलं.

सूर्यनमस्कार सुरू करताना पहिले काही दिवस हात सरळ वर न्या, मागे नेऊ नका, आणि भुजंगासनाऐवजी कोपरांवरच थांबा. दंड काढताना शेवटी छाती वर उसळवण्याचा भाग अर्ध्यावर ठेवा. रोज एखाद-दुसरा वाढवा. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर आखडली तर आदल्या दिवशीच्या संख्येवर परत या.

माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजी करतो. त्यालाही मागे झुकताना दुखतं. हेच व्यायाम द्यावे का?

नाही, आधी हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. वाढत्या वयात वेगवान गोलंदाजी, जिम्नॅस्टिक, मलखांब करणाऱ्या मुलांमध्ये मणक्याच्या मागच्या भागातल्या हाडाला ताणाने बारीक तडा जाऊ शकतो, आणि तोही मागे झुकतानाच दुखतो. सुरुवातीला तो साध्या एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही. वेळेवर खेळ थांबवला तर बहुतेक मुलं बरी होऊन मैदानावर परततात. दुखणं दाबून खेळवत राहणं मात्र महागात पडतं.

घरात काय बदलावं?

ओट्याशी उभं राहताना एक पाय वीतभर उंच पाटावर ठेवा आणि थोड्या वेळाने पाय बदला. त्याने कंबरेचा बाक कमी होतो. रोज लागणारे डबे खांद्याच्या खालच्या फळीवर आणा. झोपताना कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी, किंवा पाठीवर, गुडघ्यांखाली उशी. पालथं झोपणं सध्या नको. पावागडला जायचं ठरलं असेल तर दुखणं शांत होईपर्यंत पुढे ढकला. चढण्यापेक्षा उतरणं जास्त त्रास देतं, कारण उतारावर शरीर मागे रेलतं.

एक्स-रेमध्ये "फॅसेटची झीज" लिहून आलंय. म्हणजे हे आता राहणारच?

चाळिशी-पन्नाशीनंतर ज्यांची कंबर कधीच दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रे आणि एमआरआयमध्येही ही झीज दिसते. झीज दिसणं आणि ती दुखणं या वेगळ्या गोष्टी आहेत. काकांच्या एक्स-रेमध्ये ती होती, बरं झाल्यावरही ती तशीच आहे. उलट एक्स-रे स्वच्छ असूनही सांधा चिडलेला असू शकतो. आमच्या हातांनी केलेली तपासणीही निर्णायक नसते. मागे झुकवून वळवण्याची जी प्रसिद्ध चाचणी आहे, ती इतर दुखण्यांतही दुखते. म्हणून मी रुग्णाला "फॅसेटचं असावं" असंच सांगते आणि हालचालींना मिळणारा प्रतिसाद बघत पुढे जाते. पायात ताकद कमी असेल, वर लिहिलेली धोक्याची लक्षणं असतील किंवा सहा आठवड्यांत उतार नसेल, तरच एमआरआयने पुढचा निर्णय बदलतो.

शेक, पट्टा, गोळ्या?

गरम शेक पंधरा-वीस मिनिटं घ्या, आखडलेले स्नायू सैल पडतात. बधिर त्वचेवर शेक नको. पट्टा लांबच्या प्रवासात एक-दोन दिवस चालेल, रोज नको. सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या काही दिवस मदत करतात, पण मूत्रपिंड, पोटातला अल्सर, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर त्या धोक्याच्या ठरू शकतात. औषधाच्या दुकानातून परस्पर आणण्यापेक्षा डॉक्टरांना विचारूनच घ्या.

इंजेक्शन कधी घ्यावं?

ताज्या दुखण्यात जवळजवळ कधीच लागत नाही. तीन महिने नीट व्यायाम करूनही रोजचं जगणं अडत असेल तेव्हाच विचार करायचा. प्रत्येक फॅसेट सांध्याची वेदना दोन बारीक नसा वाहून नेतात. वेदनातज्ज्ञ क्ष-किरणांत बघत त्या नसांजवळ थोडं भूल देणारं औषध टोचतात. पुढचे काही तास तुम्ही मुद्दाम मागे झुकून, जिना उतरून बघायचं आणि दुखणं किती उतरलं ते लिहून ठेवायचं. बहुतेक दुखणं तेवढ्या वेळापुरतं गेलं, तर सांधाच दोषी असल्याचा हा सगळ्यात भक्कम पुरावा. खोटा दिलासा टाळण्यासाठी बरेच तज्ज्ञ ही चाचणी वेगळ्या दिवशी पुन्हा करतात.

दोन्ही वेळा उत्तर होकारार्थी आलं तर त्या नसांना उष्णतेने निष्प्रभ करण्याचा उपाय असतो. ज्यांना लागू पडतो त्यांना आराम साधारण सहा महिने ते वर्षभर मिळतो. मग नस पुन्हा वाढते आणि दुखणं परत येऊ शकतं, तेव्हा उपाय पुन्हा करता येतो. या मोकळ्या महिन्यांत मांडीचा पुढचा स्नायू, पोट आणि वरची पाठ यांचं काम पूर्ण करून घ्यावं, कारण एरवी दुखण्यामुळे जे व्यायाम अर्धवट राहत होते ते आता पुरे करता येतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा मधुमेह असेल तर हे इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा. टोचल्यावर त्या दिवशी स्वतः स्कूटर चालवत घरी येऊ नका, काही वेळ पाय जड वाटू शकतो.